सात तासांचं काम, मग बिलिंग दोन दिवस बंद का?

*ताई, नमस्कार. एका होलसेल दुकानाचं बिलिंग मी सांभाळतो. तीन काउंटर आहेत आणि आठ वर्षांची साधारण चार लाख बिलं आहेत. सगळा डेटा दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मायएसक्यूएल 5.7 मध्ये आहे. तो नव्या सर्व्हरवर पोस्टग्रेसमध्ये न्यायचाय. घरी एकदा करून पाहिलं, सात तास लागले. दुकानाच्या काकांना म्हटलं, शुक्रवारी रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत बिलिंग बंद ठेवू. ते म्हणाले, "पेन ड्राइव्हवर कॉपी दहा मिनिटांत होते. तुझंच काम सात तासांचं, मग दोन दिवस माझं दुकान का बंद?" शनिवार-रविवारी किरकोळ रोख गिऱ्हाईक असतं, दिवसाला सव्वाशेच्या आसपास बिलं होतात. मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. काय सांगू?*

काकांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे. "ते टेक्निकल असतं, तुम्हाला नाही कळणार" असं उत्तर त्यांना देऊ नका. ज्या माणसाने आयुष्यभर हिशेब सांभाळला आहे, त्याला हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. मात्र आपण ते हिशेबाच्या भाषेत सांगायला हवं. त्यांच्या वाक्यात खरं तर तीन प्रश्न आहेत. बिलिंग थांबवायचंच कशाला? थांबवलं म्हणजे दुकान बंद का? आणि सात तासांचे दोन दिवस कसे झाले? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि तिसऱ्याचं उत्तर बहुतेक तुम्ही स्वतःलाही अजून दिलेलं नाही.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. जुनी वही भरली की नवी उघडतात तेव्हा काय करतात, हे त्यांनाच विचारा. जुन्या वहीत रेघ मारतात, शिल्लक काढतात, नव्या वहीच्या पहिल्या पानावर "मागील पानावरून पुढे" लिहून तीच शिल्लक ओढतात, आणि त्यानंतर जुन्या वहीत एक अक्षरही लिहीत नाहीत. आता समजा शिल्लक ओढून झाली आणि त्यानंतर कुणीतरी जुन्याच वहीत दोन नोंदी केल्या. नवी वही त्या क्षणापासून चुकीची झाली, आणि दिसायला मात्र ती बरोबरच दिसते. डेटाबेस हलवताना नेमकं हेच होतं. दहा मिनिटांत कॉपी होते हे काकांचं म्हणणं खोटं नाही. पण ती कॉपी एका क्षणाची असते. त्या क्षणानंतर झालेलं प्रत्येक बिल फक्त जुन्या जागी असतं.

इथे तुमचाच एक गैरसमज होऊ शकतो म्हणून सांगते. `mysqldump --single-transaction` ही कमांड बिलिंग चालू असतानाही नीट, सुसंगत कॉपी काढते, निदान इनोडीबी प्रकारच्या टेबलांची तरी. त्यामुळे कॉपी काढण्यासाठी काउंटर थांबवावे लागत नाहीत. ते थांबवावे लागतात ते कॉपी सुरू झाल्यापासून नवी वही उघडेपर्यंतच्या काळासाठी. काकांना "कॉपी करायला वेळ लागतो" असं सांगितलंत तर पेन ड्राइव्हचा मुद्दा ते पुन्हा काढणार, आणि त्यांचं बरोबर असेल. सांगायचं ते हे: "एका वेळी दोन वह्या उघड्या ठेवता येत नाहीत."

दोन वह्या उघड्या राहिल्या की काय होतं ते मी स्वतः अनुभवलं आहे. तीन काउंटरचंच एक दुकान होतं. शुक्रवारी रात्री साडेनऊला मी कॉपी काढायला घेतली. सगळ्यांना सांगून झालं होतं की आता बिल करू नका. फक्त सांगितलं होतं, कुलूप घातलं नव्हतं. तिसऱ्या काउंटरवर उशिरा आलेली गिऱ्हाइकं उभी होती, आणि तिथल्या मुलाने त्यांना परत पाठवायला नको म्हणून चौदा बिलं केली. त्याची चूक नव्हती, समोर माणूस उभा होता. सोमवारी नव्या जागी बिलिंग सुरू झालं आणि नव्या डेटाबेसने शेवटच्या माहीत असलेल्या नंबरपुढचे नंबर द्यायला सुरुवात केली. ते चौदा नंबर दोनदा दिले गेले. ही गोष्ट लक्षात आली तीन आठवड्यांनी, जेव्हा एक गिऱ्हाईक माल बदलायला आलं आणि त्याच्या हातातल्या बिलाचा नंबर टाकल्यावर स्क्रीनवर दुसऱ्याच माणसाचं, दुसऱ्याच मालाचं बिल आलं. चौदापैकी चार बिलं उधारीची होती, ती कुणाच्याच खात्यावर चढली नव्हती. चौदा बिलांचा माल स्टॉकमधून वजा झालेला नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर शिल्लक दिसणाऱ्या वस्तू रॅकवर सापडत नव्हत्या. ती बिलं शोधून हाताने चढवायला दोन माणसांचा अख्खा दिवस गेला, आणि स्टॉक नीट झाला तो थेट पुढच्या माल मोजणीला.

ही गोष्ट काकांना जशीच्या तशी सांगा. "आयडी डुप्लिकेट होतील" यातून त्यांना काही दिसत नाही. "एकाच नंबरची दोन बिलं, आणि चार जणांची उधारी खात्यावर नाही" हे त्यांना लगेच दिसेल.

म्हणून तुम्ही फक्त सांगण्यावर थांबू नका, कुलूप घाला. शुक्रवारी शेवटचं बिल झालं की जुन्या डेटाबेसवर हे चालवा:

```sql
SET GLOBAL super_read_only = ON;
```

नुसत्या `read_only` ने ज्या खात्याला सुपर अधिकार आहेत त्याचं लिहिणं थांबत नाही, आणि बिलिंगची अनेक जुनी सॉफ्टवेअर नेमकी तशाच खात्याने जोडलेली असतात. `super_read_only` ने तेही थांबतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हे कुलूप मशीन पुन्हा चालू झाल्यावर आपोआप उघडतं. शनिवारी सकाळी कुणी सवयीने जुना कॉम्प्युटर बंद करून चालू केला, किंवा वीज गेली, तर जुनी वही परत लिहिती होते. म्हणून सेटिंगच्या फाइलमध्येही `[mysqld]` खाली `super_read_only = ON` असं लिहून ठेवा. मग तिन्ही काउंटरवर जाऊन मुद्दाम एकेक बिल करून बघा. तिन्ही ठिकाणी ते नाकारलं गेलं पाहिजे. शेवटच्या बिलाचा नंबर कागदावर लिहून काकांची सही घ्या. दहा मिनिटांनी नंबर पुन्हा बघा. तो हललेला नसेल तरच कॉपी सुरू करा. एखादा काउंटर सर्व्हर सापडला नाही की बिलं स्वतःजवळ साठवून नंतर पाठवणारा असेल, तर त्याच्याजवळ काही अडकलेलं नाही ना हेही त्याच वेळी बघून घ्या.

याच कुलपामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुकान बंद ठेवायचं नाहीच. जुन्या वहीत लिहिता येत नाही, पण वाचता येतं. भाव बघता येतात, कुणाकडे किती येणं आहे ते बघता येतं, मागचं बिल काढता येतं. फक्त नवीन बिल कागदावर होतं. काही सॉफ्टवेअर लॉगिन केल्याची नोंदसुद्धा डेटाबेसमध्ये लिहितात आणि ती लिहिता आली नाही की आत जाऊच देत नाहीत. तुमचं तसं आहे का ते आधी तालमीत तपासा. तसं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी भावांची आणि उधारीची यादी छापून तिन्ही काउंटरवर ठेवा.

"बिलिंग बंद" हे दोन शब्दच तुम्ही वापरू नयेत असं माझं मत आहे. दुकानदाराला त्यात शटर खाली आलेलं दिसतं. "दोन दिवस बिल हाताने लिहायचं" असं म्हणा. तेच खरंही आहे.

पण हाताने लिहायचं म्हटल्यावर त्याचा भार किती आहे हे तुम्ही आपणहून सांगा. दिवसाला सव्वाशे म्हणजे दोन दिवसांची अडीचशे बिलं. रोखीचं, चार-पाच वस्तूंचं बिल कागदावरून बघून चढवायला साधारण दीड मिनिट धरा. पावणेचारशे मिनिटं होतात, म्हणजे सव्वासहा तास. दोघांनी बसून केलं तर तीन तासांच्या थोडं वर. काकांना खरा खर्च पडतो तो हा, आणि बहुतेक वेळा त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. रविवारी संध्याकाळी अडीचशे कागदांचा गठ्ठा समोर आला की फसवलं गेल्यासारखं वाटतं. आधी सांगितलं तर ते दोन माणसं ठरवून ठेवतात आणि विषय संपतो.

कागदाची बिलं चढवताना नंबरांचा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून त्यांची मालिका वेगळी ठेवा. छापील नंबराचं, कार्बन प्रतीचं बिलबुक घ्या, प्रत्येक काउंटरला एक, आणि चढवताना त्या नंबरांपुढे ओळखू येईल असं एखादं अक्षर लावा. शुक्रवारी थांबलेली मुख्य मालिका सोमवारी जिथे होती तिथूनच पुढे सुरू होईल. कागदावर वस्तूचा कोड आणि नग लिहिलेच पाहिजेत. नुसती रक्कम लिहिली तर गल्ला जुळेल, स्टॉक जुळणार नाही. वेगळी मालिका आणि दोन दिवस उशिरा चढवणं त्यांच्या हिशेबनिसाला चालतंय ना, हे काकांनाच आठवडाभर आधी विचारून घ्यायला सांगा. आणि या दोन दिवसांत मालाचा परतावा घेऊ नये, चिठ्ठी देऊन सोमवारी बोलवावं. परतावा जुन्या बिलाला जोडावा लागतो, आणि कागदावर तो हमखास चुकतो.

आता तिसरा प्रश्न, सात तासांचे दोन दिवस. इथे तुम्ही अडकलात, कारण तुमच्या मनात काहीतरी होतं पण शब्दांत नव्हतं. उत्तर असं आहे: सात तास हे सगळं पहिल्याच वेळी बरोबर झालं तर. दोन दिवस म्हणजे तेच काम दोनदा करण्याची आणि दोनदा तपासण्याची सोय. एक चूक पोटात घालता यावी म्हणून तेवढा वेळ.

घड्याळ लावून बघा. शुक्रवारी रात्री नऊला शेवटचं बिल, दहाला काम सुरू. सात तास धरले तर शनिवारी पहाटे पाचला डेटा नव्या जागी. सकाळी नऊ ते दुपारी दोन तपासणी. दुपारी एक चूक सापडली असं धरू. आणि अशी चूक सापडली की चढवलेल्या डेटावर तिथल्या तिथे ठिगळ लावू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. ज्या स्क्रिप्टने डेटा आणला ती दुरुस्त करा, नवी जागा पूर्ण रिकामी करा आणि पुन्हा पहिल्यापासून आणा. ठिगळ लावलं की नेमकं काय बदललं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि आधी जुळलेले आकडे अजून जुळतात का हेही माहीत राहत नाही. दुरुस्तीला दोन-चार तास, पुन्हा सात तास, म्हणजे रात्र झाली. रविवारी सकाळी पुन्हा पाच तास तपासणी, दुपारचे दोन. चार वाजता ठरवायचं, नवी वही उघडायची की जुन्याकडे परत जायचं. जे ठरेल तिथे चार ते साडेसात-आठ कागदाची बिलं चढवायची. दोन दिवस असे भरतात आणि यात ऐसपैस काही नाही.

कशी चूक सापडू शकते ते एका उदाहरणाने सांगते, कारण "काहीही होऊ शकतं" असं म्हटलं की काकांना वाटेल आपण घाबरवतोय. जुन्या डेटाबेसमध्ये बिलाची वेळ बहुतेक नुसती घड्याळातली वेळ म्हणून लिहिलेली असते, कुठल्या प्रदेशाची ते लिहिलेलं नसतं. नव्या जागी तुम्ही वेळक्षेत्रासकटचा प्रकार निवडला आणि आणताना ती वेळ यूटीसी समजली गेली, तर दाखवताना तिच्यात स्थानिक फरक मिळवला जातो. जिथलं घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे तिथे संध्याकाळी उशिराची बिलं मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवसावर जातात. आता गंमत नव्हे, धोका बघा. बिलांची संख्या जुळते. आठ वर्षांची एकूण रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत जुळते. ज्याने फक्त या दोन गोष्टी तपासल्या तो समाधानाने सोमवारी दुकान सुरू करतो. आणि महिन्याच्या शेवटी रोजच्या गल्ल्याचा एकही आकडा कीर्दीशी जुळत नाही.

ही चूक पकडायची तर बेरीज दिवसावार करावी लागते. नव्या जागी आधी दुकानाचं स्थानिक वेळक्षेत्र लावून घ्या, मग जुन्या आणि नव्या दोन्ही जागी ही एकच विचारणा चालवा, आणि आलेल्या दोन याद्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघा:

```sql
SELECT DATE(bill_time), COUNT(*), SUM(total)
FROM bills
GROUP BY DATE(bill_time)
ORDER BY 1;
```

टेबलांची आणि रकान्यांची नावं तुमच्याकडे वेगळी असतील. आठ वर्षांच्या तीन हजारांच्या आत ओळी येतील. डोळ्यांनी नाही, फाइल तुलना करणाऱ्या प्रोग्रामने बघा. एका जरी ओळीत फरक आला तरी पुढे जायचं नाही. फरक कसा आहे त्यावरून कारण ओळखता येतं. एका दिवसाची रक्कम कमी आणि लगेच पुढच्या दिवसाची तेवढीच जास्त असेल तर वेळक्षेत्र. बिलांची संख्या तीच पण रकमेत किंचित फरक सगळीकडे विखुरलेला असेल तर रक्कम ठेवायचा प्रकार चुकला, दशांश अचूक ठेवणाऱ्या `numeric` ऐवजी अंदाजे ठेवणारा घेतला गेला. काही दिवसांची संख्याच कमी असेल तर ओळी नाकारल्या गेल्या. जुन्या मायएसक्यूएलमध्ये `0000-00-00` अशी तारीख राहू शकते, पोस्टग्रेस ती स्वीकारत नाही, आणि आठ वर्षांच्या डेटात अशा ओळी कुठेतरी असतातच. त्यांचं काय करायचं ते तालमीतच ठरवून ठेवा.

आकडे जुळले की काकांना बोलवा. हा भाग टाळू नका. त्यांना नव्या स्क्रीनसमोर बसवा आणि म्हणा, ज्यांची उधारी तुम्हाला तोंडपाठ आहे अशी दहा नावं सांगा. दुकानदाराला मोठ्या येण्याचे आकडे झोपेत विचारले तरी सांगता येतात. ते नाव घेतील, तुम्ही खातं उघडाल. आकडा बरोबर आला की त्यांचं या कामाकडे बघणं बदलतं, आणि चुकीचा आला तर तो तुमच्या कुठल्याही विचारणेत सापडला नसता. नावं मराठीत साठवलेली असतील तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र खुणा आलेल्या याच वेळी दिसतील.

मग तिन्ही काउंटरवर चाचणीची बिलं करा, छापून बघा, परतावा करून बघा. चार लाख ओळी त्यांच्या नंबरांसकट बाहेरून आणल्या की पोस्टग्रेसचा नंबर देणारा भाग पुढे सरकलेला नसतो. तो पहिल्या बिलाला 1 हा नंबर द्यायला जातो, तो नंबर आधीच वापरलेला असतो आणि बिल नाकारलं जातं. म्हणून चाचणीच्या आधी एकदा, आणि चाचणीची बिलं काढून टाकल्यावर शेवटी पुन्हा एकदा हे चालवा म्हणजे मालिका बरोबर जागी येते:

```sql
SELECT setval('bills_bill_no_seq',
              (SELECT max(bill_no) FROM bills));
```

पुढचं बिल शुक्रवारी कागदावर सही घेतलेल्या नंबराच्या पुढचंच आलं पाहिजे.

रविवारी चारची वेळ का, हे काकांना नीट समजावा. कारण चारनंतर नव्या जागी पहिलं खरं बिल चढलं की परतीची वाट बदलते. तोपर्यंत जुनी वही शुक्रवार रात्रीसारखी जशीच्या तशी आहे. कुलूप काढलं, कागदाची बिलं तिच्यात चढवली की सोमवारी दुकान नेहमीसारखं चालू, फक्त आपले दोन दिवस वाया. पण नव्या जागी बिलं होऊ लागली आणि मंगळवारी परत जावं लागलं, तर ती बिलं जुन्यात नाहीत. दोन वह्यांचा तोच घोळ उलट्या दिशेने. म्हणून निर्णय रविवारी चारला, आणि तो दोघांनी मिळून घ्यायचा. चार वाजता एक जरी आकडा जुळत नसेल तर परत फिरायचं. "अजून तासाभरात होईल" असं तुम्ही म्हणायचं नाही, हे आधीच त्यांना वचन द्या. रात्री अकराला घाईत केलेल्या दुरुस्त्या मी पाहिल्या आहेत.

त्यांच्या घरातलं कुणी म्हणेल की मोठ्या कंपन्या अशा थांबत नाहीत, मग आपण का थांबायचं. त्यात तथ्य आहे. जुन्या जागी होणारा प्रत्येक बदल त्याच वेळी नव्या जागी पाठवत राहायची सोय असते, आणि मग थांबणं काही मिनिटांवर येतं. शेवटची काही मिनिटं तिथेही लिहिणं थांबवावं लागतं. तुम्ही मायएसक्यूएलवरून मायएसक्यूएलवरच जात असता तर मीच म्हटलं असतं की काकांचं ऐका आणि तसं करा. पण दोन वेगळ्या जातीचे डेटाबेस, टेबलांची रचनाही बदलणार, तेव्हा ती सोय उभी करणं आणि तिची तालीम घेणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम होतं, आणि वरच्या वेळक्षेत्रासारखी चूक तिच्यातूनही तशीच पलीकडे जाते. अडीचशे कागदी बिलांसाठी ते करू नये असं मला वाटतं. कुणी विचारलं तर हे कारण सांगा, "होत नाही" असं सांगू नका.

तारीख ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा. मागच्या वर्षभराची वारांनुसार बिलं मोजा आणि शनिवार-रविवारचा आकडा बाकीच्या दिवसांशेजारी ठेवून काकांना दाखवा. तुमच्या डोक्यात आहे तसा तो खरंच कमी असेल, आणि उधारीची बिलंही त्या दोन दिवशी कमी असतील, तर तो कागदच तुमची बाजू मांडेल. नसेल तर दिवस बदला. आणि महिनाअखेर किंवा वर्षअखेरीला लागून असलेला शनिवार-रविवार घेऊ नका.

बोलताना मी काहीसं असं बोलेन:

"काका, दुकान चालूच राहील. शुक्रवारी रात्री आपण जुन्या वहीत रेघ मारतो. शनिवार-रविवारी बिलं हाताने लिहायची, भाव आणि उधारी स्क्रीनवर दिसत राहतील. शुक्रवारनंतर जुन्यात एक जरी बिल झालं तरी सोमवारी एकाच नंबरची दोन बिलं होतील आणि एखाद्याची उधारी खात्यावर राहणार नाही. काम सात तासांचंच आहे. पण तपासताना चूक निघाली तर पुसून पुन्हा सात तास करावं लागतं, म्हणून दोन दिवस मागतोय. चूक निघाली नाही तर शनिवारी संध्याकाळीच नवी वही उघडू, पण त्या भरवशावर राहू नका. रविवारी चारला तुम्ही आणि मी बसू. तुम्ही दहा जणांची उधारी विचारा. नाही जुळली तर जुन्यावर परत. आणि रविवारी संध्याकाळी बिलं चढवायला मला दोन माणसं तीन-चार तास लागतील."

हे बोलायच्या आधी अजून एक तालीम घ्या, आणि ती घरच्या मशीनवर न घेता ज्या नव्या सर्व्हरवर डेटा जाणार आहे त्यावर, परवाच्या ताज्या कॉपीने घ्या. घरच्या सात तासांचे तिथे चार होऊ शकतात किंवा सोळा. सोळा निघाले तर दोनदा करायला दोन दिवस पुरत नाहीत, आणि मग काकांकडे मागण्याआधी तुम्हालाच काम हलकं करावं लागेल. उदाहरणार्थ, पाच वर्षांपूर्वीची बंद झालेली बिलं आठवडाभर आधीच नेऊन, तपासून ठेवायची. ती आता कुणी बदलत नाही, त्यामुळे त्यांना रेघ मारायची वाट बघावी लागत नाही. त्या भागाला वेगळं कुलूप मात्र लावा, म्हणजे मधल्या आठवड्यात कुणी जुन्या बिलावर परतावा टाकला तर तो लगेच कळेल.

सोमवारी सकाळी तुम्ही स्वतः काउंटरवर उभे राहा. पहिल्या बिलाचा नंबर शुक्रवारच्या कागदाशी ताडून बघा, आणि रात्री तिन्ही काउंटरचा गल्ला दिवसाच्या बेरजेशी जुळला की काकांना फोन करा. जुना कॉम्प्युटर पुसू नका. कुलूप तसंच ठेवून तो बाजूला चालू राहू द्या, निदान पुढची महिनाअखेर नव्या वहीतून नीट निघेपर्यंत.